मशीन ४ किती बंद, किती शॉट: पाळीवार हिशोबाच्या नोंदी

४ मार्च

आजपासून इथे रोजचं लिहून ठेवतोय, नंतर कोणी विचारलं की हा आकडा आला कुठून तर दाखवता यावं म्हणून.

काम असं आहे. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीन ४ वर सेन्सरची माहिती गोळा करणारा डबा काही महिन्यांपूर्वी बसलाय, डेटा साठतोय पण बघत कोणी नाही. सुपरवायझर साहेबांना रोज सकाळी एक पान हवंय, त्यात प्रत्येक पाळीत मशीन किती वेळ बंद होतं आणि किती शॉट निघाले, म्हणजे मोल्ड किती वेळा भरून उघडला, एवढंच. "मला ग्राफ नको, मला कळायला पाहिजे की आज कोणाकडे जाऊन काय विचारायचं," असं ते म्हणाले. हे वाक्य मी पानाच्या वरच लिहून ठेवलंय कारण काम करता करता आपण भलतीकडेच वाहवत जातो.

फाइलमध्ये चारच कॉलम आहेत, ts म्हणजे वेळ, machine, run म्हणजे मशीन ऑटोवर आहे का (१ किंवा ०) आणि shots म्हणजे पीएलसीमधला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला, शॉटचा काउंटर. प्रत्येक शॉटला एक ओळ येते आणि शॉट झाला नाही तरी दर मिनिटाला एक ओळ येते. ही मिनिटाची ओळ मला आज फालतू वाटत होती, फाइल उगीच मोठी होते म्हणून काढून टाकणार होतो पण म्हटलं राहू दे.

मोल्ड दोन कॅव्हिटीचा, म्हणजे एका शॉटला दोन पीस. सायकल ३० सेकंदांची. पाळी आठ तासांची, ४८० मिनिटं, त्यात ३० मिनिटं जेवणाची सुट्टी जेव्हा मशीन मुद्दाम थांबवतात, उरली ४५०. सगळं नीट चाललं तर ९०० शॉट. हा आकडा डोक्यात ठेवायचा, बाकी सगळं याच्याशी ताडून बघायचं.

५ मार्च

पहिलीच ठेच मध्यरात्रीला. पाळ्या सकाळी ६ ते दुपारी २, २ ते रात्री १०, आणि १० ते सकाळी ६. मी सरळ तारखेने गट पाडले तर रात्रपाळीचे दोन तुकडे झाले, आणि त्याहून वाईट म्हणजे एका तारखेखाली आदल्या रात्रीचे पहाटेचे सहा तास आणि आजच्या रात्रीचे दोन तास असे दोन वेगळ्या गँगचे आकडे एकत्र आले. बेरीज मात्र आठ तासच येते त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच चुकलंय असं वाटत नाही! मला कळलं ते रात्रपाळीच्या रजिस्टरशी ताडून बघितलं तेव्हा, एकही दिवस जुळेना.

उपाय सोपा आहे, दिवस मध्यरात्री नाही तर सकाळी ६ ला सुरू होतो असं धरायचं. वेळेतून सहा तास वजा केले की पहाटे ३ वाजताची ओळ आपोआप आदल्या तारखेच्या रात्रपाळीत जाते.

```python
t = df["ts"] - pd.Timedelta(hours=6)
df["divas"] = t.dt.date
df["pali"] = t.dt.hour // 8 + 1
```

पाळीच्या सीमेवर पडणाऱ्या स्टॉपेजचंही बघावं लागणार. उद्या.

६ मार्च

सीमेवरचं उदाहरण आजच मिळालं. मशीन रात्री ९:४० ला थांबलं आणि १०:२५ ला चालू झालं, म्हणजे ४५ मिनिटं बंद. माझा कोड स्टॉपेज जिथे सुरू झालं त्या पाळीत सगळं टाकत होता, म्हणजे दुसऱ्या पाळीच्या नावावर ४५ आणि तिसऱ्याच्या नावावर शून्य. खरं तर दुसरीची २० आणि तिसरीची २५. आता प्रत्येक स्टॉपेज पाळीच्या वेळेवर कापतो, पण दोन्ही तुकड्यांना एकच नंबर ठेवलाय कारण बिघाड एकच होता. स्टॉपेज किती वेळा झालं ते मोजताना तो एकदाच मोजायचा, आणि मिनिटं मात्र वाटून द्यायची. हे साहेबांना विचारून ठरवलं, ते म्हणाले मिनिटं ज्याच्या त्याच्या पाळीत, कारण हँडओव्हरच्या वेळी दोघंही तिथे असतात आणि "तुमच्यामुळे आमचं गेलं" हे भांडण रोजचंच असतं.

८ मार्च

काल ७ तारखेचे तिन्ही पाळ्यांचे आकडे पहिल्यांदा पूर्ण निघाले. बंद वेळ मी अशी काढली की ४५० मधून run = १ असलेली मिनिटं वजा करायची आणि राहिलं ते बंद. पहिली पाळी ३८ मिनिटं बंद, दुसरी २२, तिसरी १६४.

साहेबांना तोंडी सांगितलं तर त्यांचा चेहराच बदलला. रात्री पावणेतीन तास मशीन बंद आणि कोणी फोन केला नाही? ते लगेच रात्रपाळीच्या ऑपरेटरला बोलावणार होते. मी म्हटलं साहेब एक दिवस द्या, कारण शॉटचा कॉलम अजून जोडला नव्हता आणि माझं मन खात होतं. ते थांबले याबद्दल मला खरंच बरं वाटलं, माणूस रात्रभर काम करून घरी गेलेला, त्याला झोपेतून उठवून माझ्या कच्च्या आकड्यावरून झापलं असतं तर मला ते सहन झालं नसतं.

संध्याकाळी शॉट जोडले. पहिली पाळी ८०६, दुसरी ७४४, तिसरी ८३६.

आता हे बघा. तिसरी पाळी माझ्या हिशोबाने फक्त २८६ मिनिटं चालली आणि तेवढ्यात ८३६ शॉट काढले, म्हणजे एका शॉटला साधारण साडेवीस सेकंद. या मोल्डला ते शक्यच नाही, पीस थंड व्हायलाच सायकलचा मोठा भाग जातो, घाईने उघडला तर पीस वाकडा निघतो. सगळ्यात जास्त बंद असलेली पाळी सगळ्यात जास्त माल काढतेय हे होऊच शकत नाही. चूक रात्रपाळीची नाही, माझ्या वजाबाकीची आहे.

९ मार्च

सापडलं. रात्री १:१२ ते ३:३४ या वेळात फाइलमध्ये एकही ओळ नाही. run ० आहे अशीही ओळ नाही, काहीच नाही. मिनिटाच्या ओळी पण गायब. याच ओळी मी ४ तारखेला काढून टाकणार होतो, त्या नसत्या तर मशीन थांबलंय म्हणून शॉट येत नाहीत की डबाच गप्प आहे हे मला कधीच ओळखता आलं नसतं. मशीन बंद असेल तर दर मिनिटाला "बंद आहे" असं सांगणारी ओळ यायलाच हवी, ओळच आली नाही म्हणजे आपल्याला माहिती नाही. आणि मी "माहिती नाही" ची १४२ मिनिटं उचलून "बंद" मध्ये टाकली होती.

मग त्या वेळात मशीन खरंच चालू होतं का? इथे काउंटर कामाला आला. काउंटर पीएलसीत असतो, डबा फक्त तो वाचून पुढे पाठवतो, त्यामुळे डब्याचं नेटवर्क तुटलं तरी काउंटर पुढे सरकतच राहतो. १:१२ ला काउंटर ४८,३१६ होता आणि ३:३४ ला जी पहिली ओळ आली तिच्यात ४८,५९६. फरक २८०. १४२ मिनिटांत ३० सेकंदांच्या सायकलने जास्तीत जास्त २८४ शॉट निघू शकतात. म्हणजे मशीन जवळपास पूर्ण वेळ चालू होतं, फार तर दोनेक मिनिटं इकडे तिकडे.

रात्रपाळीचं रजिस्टरही काढून बघितलं, ऑपरेटर दर तासाला पीस लिहितो, १ ते ४ या तासांच्या नोंदी नेहमीसारख्याच आहेत. माणसाने इमानदारीने लिहिलेलं होतं आणि बरोबर होतं.

तर आता नियम असा की सलग तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ ओळ नसेल तर तो वेळ "माहिती नाही" या वेगळ्या रकान्यात. त्यातले शॉट मात्र त्या पाळीच्या उत्पादनात धरायचे, कारण शॉट खरेच झालेत. वेळ मात्र चालू मध्ये ढकलायचा नाही, कारण ती दोन मिनिटं नेमकी कुठे गेली हे कोणालाच सांगता येणार नाही. गॅप पाळीच्या सीमेवर पडला तर शॉटची वाटणीसुद्धा अंदाजानेच होणार, गॅपमधले शॉट धरलेत तिथे पानावर आकड्याशेजारी तारा.

साहेबांना दाखवलं. ते बराच वेळ कागद बघत राहिले आणि म्हणाले "बरं झालं काल बोलावलं नाही." मग स्वतः रात्री १० ला थांबून त्या ऑपरेटरला भेटले असं मला नंतर कळलं.

१० मार्च

काउंटरवर इतका भरवसा ठेवायचा तर तो कुठे फसवतो ते पण बघायला हवं म्हणून जुना डेटा चाळला. दोन ठिकाणी तो मागे जातो.

एक म्हणजे तो १६ बिटचा आहे, ६५,५३५ नंतर परत ० वर येतो. एका दिवशी ६५,५१० वरून थेट १४ वर आलाय, मध्ये २० मिनिटांचा गॅप. सरळ वजाबाकी केली तर वजा ६५,४९६ येतं, त्यात ६५,५३६ मिळवले की ४०, आणि २० मिनिटांत ४० शॉट म्हणजे अगदी बरोबर. दुसरं म्हणजे मोल्ड बदलला की सेटर काउंटर हाताने शून्य करतो, तिथे ३१,२०४ वरून ० झालाय. तिथे पण आंधळेपणाने ६५,५३६ मिळवले तर एका झटक्यात ३४ हजार शॉट निघाल्याचं दिसतं.

दोघांमधला फरक वेळेवरून ओळखायचा, मधल्या वेळात एवढे शॉट निघणं शक्य आहे का एवढंच विचारायचं. शक्य असेल तर काउंटर फिरून आलाय, नसेल तर कोणीतरी शून्य केलाय आणि नवीन आकडा तोच शॉट धरायचा.

```python
sec = df["ts"].diff().dt.total_seconds()
d = df["shots"].diff()
d = d.where(d >= 0, d + 65536)
d = d.where(d <= sec / 30 + 2, df["shots"])
d.iloc[0] = 0
```

(एकाच मशीनचा डेटा आहे म्हणून इतकं साधं चालतंय, जास्त मशीन आली की मशीननुसार गट पाडून मगच diff, नाहीतर मशीन ४ चा काउंटर मशीन ५ मधून वजा होईल. सायकल बदलली तर तो ३० पण बदलायचा.)

११ मार्च

रात्रपाळीचं मिटलं तर दुसरी पाळी डोळ्यात खुपायला लागली. ७ तारखेला दुसऱ्या पाळीत बंद फक्त २२ मिनिटं, तिन्हींत सगळ्यात कमीत जमा, म्हणजे ४२८ मिनिटं चालू आणि त्या हिशोबाने ८५६ शॉट निघायला हवेत. निघाले ७४४. ११२ शॉट कुठे गेले? ११२ शॉट म्हणजे ५६ मिनिटं. गॅप नाही, ओळी सगळ्या आहेत, काउंटर सरळ पुढे जातोय.

पहिली शंका सायकल वाढवली असेल, म्हणजे कोणीतरी कूलिंग टाइम दोन-चार सेकंद जास्त लावला असेल. ते बघायला दोन शॉटमधलं अंतर घेऊन सगळी अंतरं चढत्या क्रमाने लावली आणि मधलं बघितलं, तिन्ही पाळ्यांत ३० सेकंद. सरासरी घेतली असती तर दुसऱ्या पाळीची सायकल वाढलीय असंच वाटलं असतं कारण थोडीच मोठी अंतरं सरासरीला वर ओढतात. म्हणजे मशीन जेव्हा चालतं तेव्हा बरोबर वेगाने चालतं. मग मोठी अंतरं वेगळी काढली, एका मिनिटापेक्षा जास्त पण पाच मिनिटांपेक्षा कमी. दुसऱ्या पाळीत अशी ४३ निघाली! सरासरी १०८ सेकंदांचं अंतर. त्यातले ३० सेकंद तर त्या शॉटचेच, ते बंद मध्ये धरायचे नाहीत, म्हणजे दर वेळी ७८ सेकंद वाया. ४३ गुणिले ७८ म्हणजे ३,३५४ सेकंद, ५६ मिनिटं. हिशोब तंतोतंत बसला तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभा राहिलो.

आणि हे run मध्ये का दिसलं नाही? इलेक्ट्रिशियनकडून वायरिंग समजून घेतलं. तो सिग्नल मशीन ऑटो मोडला आहे याचा आहे, सायकल चालू आहे याचा नाही. ऑपरेटर सेफ्टी गेट उघडून काहीतरी करतो, गेट लावतो, सायकल पुढे सुरू होते, या सगळ्यात ऑटो सुटतच नाही. सिग्नल खोटं बोलत नाही, आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय. आता बंद वेळ run वरून नाही, शॉटमधल्या अंतरावरून काढायची, आणि पाच मिनिटांच्या वरचं मोठं स्टॉपेज, खालचं छोटं, असे दोन रकाने.

जपानमध्ये टीपीएम, म्हणजे सगळ्यांनी मिळून मशीन सांभाळायची पद्धत, रुजवणाऱ्या सेइची नाकाजिमांनी मशीनच्या नुकसानाचे सहा प्रकार पाडले त्यात ब्रेकडाऊन वेगळा आणि छोटे थांबे वेगळे ठेवलेत, ते का ते मला आज कळलं. ब्रेकडाऊन झाला की मेंटेनन्सला फोन जातो, रजिस्टरला नोंद होते. सव्वा मिनिटाच्या थांब्याला कोण फोन करणार?

१२ मार्च

दुसऱ्या पाळीत स्वतः जाऊन मशीनजवळ उभा राहिलो. डेटा बघून वेळ काढली होती, ते ४३ पैकी बहुतेक दुपारी ३ ते ७ मध्ये आहेत, म्हणून ३ लाच गेलो.

दहा मिनिटांत पहिला थांबा बघितला. मोल्ड उघडला, इजेक्टर पुढे आला, एक पीस खाली पडला आणि दुसरा कोअरवरच, म्हणजे पीसला आतून आकार देणाऱ्या मोल्डच्या भागावरच, चिकटून राहिला. ऑपरेटरने गेट उघडला, पितळी सळईने पीस काढला, सिलिकॉन स्प्रे मारला, गेट लावला. मी घड्याळ लावलं होतं, शॉट ते शॉट १ मिनिट ४५ सेकंद. मी विचारलं दादा हे रोज होतं का, तर म्हणाले "दुपारचं होतंच, संध्याकाळ झाली की कमी होतं. सांगितलं होतं एकदा, पण मशीन काही बंद पडत नाही ना, मग कोण बघतंय." ते तक्रारीच्या सुरात नाही बोलले, सवय झाल्यासारखं बोलले आणि मला तेच जास्त लागलं. चार तासांत चाळीस वेळा गरम मोल्डमध्ये वाकायचं म्हणजे काय.

१३ मार्च

साहेब, मेंटेनन्सचे काका आणि मी. काकांनी ऐकल्या ऐकल्या सांगितलं पाण्याचं बघू. मोल्डचं पाणी कूलिंग टॉवरवरून येतं, टॉवरचं पाणी दुपारच्या हवेने गरम होतं, मोल्ड पुरता थंड होत नाही, पीस मऊ असतानाच इजेक्टर ढकलतो आणि तो कोअरवर धरून बसतो. पण मग शेजारच्या मशीनला पण तेच पाणी आहे, तिथे का नाही होत?

काकांनी मोजमाप अगदी साधं केलं. मोल्डमधून परत येणारे दोन्ही पाइप एकेक करून सोडवले आणि एक लिटरच्या मापात पाणी धरलं. कॅव्हिटीच्या बाजूचं एक लिटर ८ सेकंदांत भरलं, कोअरच्या बाजूचं २४ सेकंदांत. तिप्पट वेळ! कोअरच्या पाण्याच्या वाटेत क्षार जमलाय. सकाळी आणि रात्री पाणी थंड असतं म्हणून कमी पाण्यावरही निभावतं, दुपारी पाणी गरम झालं की निभावत नाही. म्हणजे दुसऱ्या पाळीच्या माणसांचा यात काहीच दोष नाही, ती वेळच तशी आहे.

मोल्ड १६ तारखेला उतरवायचाच होता, तेव्हा काका पाण्याच्या वाटा केमिकल फिरवून धुणार.

१४ मार्च

पानाचा नमुना पक्का केला. ७ मार्चचंच पान नवीन नियमांनी परत काढलं, सगळे आकडे मिनिटांत, शेवटचा शॉट.

| पाळी | सुट्टी | मोठे बंद | छोटे थांबे | माहिती नाही | चालू | शॉट |
|---|---|---|---|---|---|---|
| पहिली | ३० | ३८ | ९ | ० | ४०३ | ८०६ |
| दुसरी | ३० | २२ | ५६ | ० | ३७२ | ७४४ |
| तिसरी | ३० | २२ | ८ | १४२ | २७८ | ८३६* |

प्रत्येक ओळीतल्या मिनिटांची बेरीज ४८० यायलाच हवी, नाही आली तर पान छापायचंच नाही असं कोडमध्ये टाकलंय. तारा म्हणजे यातले २८० शॉट काउंटरच्या फरकावरून धरलेत. टक्केवारी मुद्दाम टाकली नाही. साहेबांना "५६ मिनिटं" वाचून उठून जावंसं वाटतं, "८२.७ टक्के" वाचून वाटत नाही, हे त्यांनीच सांगितलं.

एक गोष्ट पानाखाली कायम छापतोय, की शॉट म्हणजे चांगला माल नव्हे. ७ तारखेच्या दुसऱ्या पाळीत ७४४ शॉट म्हणजे १,४८८ पीस, रजिस्टरला पास झालेले १,४३१. मधले ५७ रिजेक्ट आहेत आणि ते सेन्सरला दिसत नाहीत, ते माणसाच्या लिहिण्यावरूनच घ्यावे लागणार.

२० मार्च

मोल्ड धुवून १७ तारखेला परत चढला. कोअरचं एक लिटर आता ९ सेकंदांत भरतं.

काल १९ तारखेची दुसरी पाळी: मोठे बंद २४ मिनिटं, छोटे थांबे ४३ वरून ११ वर, शॉट ८२२. तीन ते सात मध्ये त्या ११ पैकी फक्त ४. ऑपरेटर दादांनी सळई टूलबॉक्सवर ठेवली होती, मी गेलो तेव्हा तासभर कोणी हात लावला नव्हता.

एका दिवसावर मी भरवसा ठेवत नाहीये कारण काल हवा कशी होती ते पण महत्त्वाचं आहे. काकांनी रोज दुपारी ४ ला मोल्डला जाणाऱ्या पाण्याचं तापमान लिहायचं कबूल केलंय, ते शेवटच्या रकान्यात जाईल, म्हणजे पाणी गरम असूनही थांबे कमी राहिले तरच क्षाराचंच कारण होतं असं म्हणता येईल.

राहिलेलं काम: डब्याचं नेटवर्क रात्री का तुटतं ते अजून बाकी आहे, या महिन्यात तीनदा झालंय आणि तिन्ही वेळा एकनंतरच. उद्या रात्री एकला पॅनलजवळ थांबतो.